रोजकीर्द भिंतीवर, खतावणी फडताळात

भिवंडीच्या आसपासच्या गावांत अजून बारा-चौदा माणसांची घरं आहेत. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात भाताची खाचरं जाऊन गोदामं उभी राहिली, तरी त्यांच्यामागे चार-पाच खोल्यांची जुनी घरं टिकून आहेत. अशा घरात स्वयंपाकघराच्या दाराजवळ पंचांगाचं कॅलेंडर हमखास सापडतं. त्याच खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन लोंबत असतं आणि तारखांच्या चौकटींत बारीक आकडे, फुल्या, कुणाच्या तरी नावाचं पहिलं अक्षर असं काहीबाही लिहिलेलं असतं. आत फडताळात, डब्यांच्या मागे, एक दोनशे पानी वही असते. ती आजीची. घरातले लोक कौतुकाने सांगतात की आमच्या आजीच्या डोक्यात सगळं असतं. हे कौतुक प्रेमाचं असलं तरी चुकीचं आहे, असं मला हिशेब लिहिण्याच्या कामातून आलेल्या नजरेने ठामपणे वाटतं. सगळं डोक्यात असतं तर आजीला भिंत आणि वही लागलीच नसती. चौदा माणसांचं घर स्मरणशक्तीवर चालत नाही. ते दोन नोंदींवर चालतं, आणि त्याहून जास्त म्हणजे एका नोंदीतून दुसरीत आकडे नेण्याच्या कामावर. हे काम म्हणजे स्वभाव नाही, माया नाही, वयाचा अनुभवही नाही. ती रीतसर हिशेबनिशी आहे आणि तिला तसंच मोजलं पाहिजे.

मराठी हिशेबात दोन शब्द फार जुने आहेत. एक रोजकीर्द आणि दुसरा खतावणी. रोजकीर्दीत दिवसाच्या क्रमाने लिहायचं. जे ज्या दिवशी घडलं ते त्या दिवसाखाली, मग ते कोणत्याही बाबीचं असो. खतावणीत बाबीच्या क्रमाने लिहायचं. एका खात्याला एक पान, आणि त्या पानावर त्या खात्याचा सगळा इतिहास. कीर्दीतली रक्कम उचलून आपापल्या खात्यात नेऊन ठेवणं म्हणजे खतावणं. नुसती कीर्द असली की काल काय झालं ते कळतं, पण दुधाला वर्षभरात किती गेले ते कळत नाही. नुसती खतावणी ठेवायची म्हटलं तर सकाळच्या घाईत प्रत्येक वेळी योग्य पान शोधायला कुणालाच वेळ नसतो आणि नोंदी राहून जातात. म्हणून पेढीवर दोन्ही लागतात. आजीच्या घरातही नेमकं हेच आहे. भिंतीवरचं कॅलेंडर ही रोजकीर्द आणि फडताळातली वही ही खतावणी. तिने हे शब्द कधी वापरले नसतील, पण दोन वह्यांची विभागणी तिने केली ती याच गरजेतून.

कीर्द म्हणून साधी डायरी न घेता पंचांगाचं कॅलेंडरच का घेतलं, याला भक्कम कारण आहे. जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ १९७३ साली सुरू झालं आणि तारीख व तिथी एकाच चौकटीत वाचायची सवय मराठी घरांना लागली. मोठ्या घराला या दोन्ही मापांशिवाय चालत नाही. विजेचं बिल, शाळेची फी, भिशीचा हप्ता तारखेवर येतात. सासऱ्यांचं श्राद्ध, संकष्टी, गौरी-गणपती तिथीवर येतात. भिवंडीत आणखी एक माप आहे, ते म्हणजे वाराचं. इथल्या यंत्रमागांची सुट्टी रविवारी नसून शुक्रवारी असते. त्यामुळे एक मुलगा मागावर आणि दुसरा गोदामात असेल, तर घरातली सगळी माणसं एका वेळी जेवायला असण्याचा दिवस आपोआप येत नाही, तो शोधून काढावा लागतो. शिवाय बहुतेक मराठी पंचांग कॅलेंडरांत वार डावीकडे एकाखाली एक छापलेले असतात आणि आठवडे उभ्या ओळींनी उजवीकडे सरकतात. त्यामुळे एक घर उजवीकडे म्हणजे बरोबर एक आठवडा. बाळाची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी असते. आजी जन्मवारावर बोट ठेवते, सहा घरं उजवीकडे जाते आणि तिथे बाळाचं अक्षर लिहिते. महिना संपला तर पान उलटून त्याच वाराच्या ओळीवरून पुढे मोजते. तिला बेचाळीस दिवस मोजावे लागत नाहीत, छापील कागदच तिच्यासाठी मोजतो.

आता काम कसं चालतं ते एका घरावरून पाहू. हे घर कुणा एकाचं नाही. या पट्ट्यातल्या आगरी घरांत सर्रास दिसणाऱ्या नोंदी इथे एका छपराखाली मांडल्या आहेत. आजी-आजोबा, तीन मुलगे, तीन सुना आणि सहा नातवंडं अशी चौदा माणसं. एका मुलाला गोदामात पाळीचं काम, दुसऱ्याचा टेम्पो, तिसरा कापडाच्या कारखान्यात. पगार महिन्याने येतो, टेम्पोचे पैसे रोज पण कमीजास्त, आणि कारखान्याचे पंधरवड्याने. घरातला खर्च यातल्या कोणत्याच तालावर होत नाही.

दूध ही सगळ्यात सोपी बाब, म्हणून तिथून सुरुवात करू. घरात रोज ४ लिटर दूध येतं. आजी कॅलेंडरवर रोज ‘४’ लिहीत नाही. ठरल्याप्रमाणे आलं तर चौकट कोरी राहते. कमी आलं, जास्त घेतलं किंवा खाडा झाला तरच लिहायचं. या एका नियमामुळे सगळी पद्धत टिकते, कारण रोज लिहावं लागलं तर चौथ्या दिवशी कंटाळा येतो आणि पाचव्या दिवशी कोरी चौकट म्हणजे दूध आलं नाही की लिहायचं राहिलं, हेच कळेनासं होतं. २०२५ चा ऑगस्ट घेऊ. ३ आणि ४ तारखेला अर्धं घर लग्नकार्याच्या बोलणीसाठी बाहेरगावी होतं, म्हणून दोन्ही चौकटींत ‘–२’. पंधरा ऑगस्टला पाहुणे, म्हणून ‘+१’. २७ ला गणपती बसले, तेव्हा ‘+३’, आणि २८ ला विसर्जन, तेव्हा ‘+२’. महिनाअखेरीला ३१ दिवसांचे ४ लिटरप्रमाणे १२४ होतात. कमी झालेले चार आणि वाढलेले सहा, म्हणजे दोनची भर. एकूण १२६ लिटर. दूधवाला १२८ लिटरचं बिल घेऊन येतो. आता वाद घालायची गरज नाही, फक्त दोन लिटरचा फरक कुठला ते पाहायचं. एका दिवसाच्या खाड्याइतकाच तो फरक आहे, म्हणजे ३ किंवा ४ तारखेतला एक खाडा त्याच्याकडे लागलेला नाही. लिटरला ७० रुपये धरले तर १४० रुपयांचा हा प्रश्न दोन मिनिटांत मिटतो. दूधवाल्याने लबाडी केली असं मानायचंही कारण उरत नाही, कारण चूक कोणत्या दिवसाची ते बोट ठेवून दाखवता येतं. मग आजी वहीत दुधाच्या पानावर एकच ओळ लिहिते. महिना, लिटर, रक्कम, दिल्याची तारीख. एकतीस चौकटी एका ओळीत बसल्या. हेच खतावणं.

इथे एक चूक नेहमी होते आणि ती ओळखताही येते. नोंद त्याच दिवशी न करता नंतर आठवून केली की ती दिसते वेगळी. चार-पाच चौकटी एकाच शाईत, एकाच तिरक्या हाताने, एकसारख्या आकारात लिहिलेल्या असल्या की त्या एका बैठकीत आठवून भरल्या आहेत हे समजावं. अशा नोंदींवर दूधवाल्याशी हुज्जत घालू नये, त्याच्या कार्डाला मान द्यावा. दुसरी चूक त्याहून महाग पडते. एक तारखेला पान उलटायची घाई होते आणि मागच्या महिन्याची बेरीज तशीच मागे राहते. पान एकदा मागे गेलं की त्याकडे कुणी पाहत नाही. म्हणून जुन्या हाताच्या बायका पान उलटण्याआधी वही काढतात. उलटलेलं पान म्हणजे बंद झालेला महिना, ही शिस्त पेढीवरच्या मुनीमाचीच आहे.

गॅसच्या नोंदीत या दोन वह्यांचं खरं बळ दिसतं, कारण तिथे प्रश्न नुसत्या पैशांचा नसतो. नवा सिलिंडर लावला की त्या दिवसाच्या चौकटीत ‘गॅ’ लिहायचं, बस. महिनाअखेरीला वहीतल्या गॅसच्या पानावर तारखा उतरतात आणि दोन तारखांमधले दिवस त्यापुढे लिहिले जातात. समजा ३ जानेवारी, १९ जानेवारी, ४ फेब्रुवारी आणि २० फेब्रुवारी अशा तारखा आहेत. प्रत्येक वेळी १६ दिवस. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर या घरात सोळा दिवस पुरतो, हे आता त्या घराचं माप झालं. पुढचा सिलिंडर अकराव्या दिवशी संपला. कॅलेंडर नसतं तर यंदा गॅस लवकर संपला असं म्हणून सगळे गप्प बसले असते. वही असल्यामुळे पाच दिवस कुठे गेले हा प्रश्न उभा राहतो. आजी आधी त्या अकरा चौकटी पाहते. घरात हळद होती का, पाहुणे राहिले का, पापडाचं पीठ शिजवलं का. तसं काही नसेल तर भांड्यांचं बूड पाहते. बूड काळं पडत असेल आणि ज्योत पिवळी असेल तर बर्नरची भोकं बुजली आहेत, ती साफ करायची. वास येत असेल तर रेग्युलेटर बंद करून आधी दुरुस्तीवाल्याला बोलवायचं, नंतर हिशेब. यातलं काहीच नसेल तर पुढचा सिलिंडर दारात वजन करून घ्यायचा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या वरच्या कड्याजवळ लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवले की भरलेलं वजन व्हायला हवं, आणि गॅस पोचवणाऱ्याकडून ते तोलून घेणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. एका अक्षराच्या नोंदीतून घरातला बिघाड, गळती किंवा वजनातली तूट, यांपैकी काय आहे ते ठरवता येतं. ही तपासणी आहे, आठवण नव्हे.

सगळ्यात अवघड काम आगोटीचं. पावसाळ्याआधी घरात साठा भरून ठेवणं म्हणजे आगोट. मीठ, कांदे, चिंच, मसाला, कडवे वाल, तांदूळ आणि आगरी-कोळी घरात सुकी मासळी, म्हणजे जवळा, सुकट, बोंबील. किती भरायचं हे ठरवायला गेल्या वर्षीची वही आणि यंदाचं कॅलेंडर शेजारी ठेवावं लागतं. राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून सुकी मासळी लागते ती मुख्यतः या ६१ दिवसांत. पण श्रावण लागला की मासळी बंद होते, आणि श्रावण कधी लागेल ते दरवर्षी बदलतं. २०२५ मध्ये श्रावण २५ जुलैला लागला. म्हणजे १ जूनपासून ५४ दिवस. त्यातले सोमवार आठ आणि गुरुवार आठ वजा केले की ३८ दिवस उरतात. २०२६ मध्ये ज्येष्ठ महिना अधिक आहे, त्यामुळे श्रावण एकदम १३ ऑगस्टला लागतो. आदल्या वर्षापेक्षा १९ दिवस उशिरा. घाईने कुणी म्हणेल की १९ दिवसांची सुकी मासळी जास्त भरा. आजी तसं करत नाही, कारण १ ऑगस्टपासून बोटी समुद्रात जातात आणि हळूहळू बाजारात ताजी मासळी येऊ लागते. म्हणून मोजायचे ते ३१ जुलैपर्यंतचेच ६१ दिवस. त्यातले नऊ सोमवार आणि नऊ गुरुवार गेले की ४३ राहतात. आदल्या वर्षापेक्षा फक्त पाच दिवस जास्त. आणि ज्या घरात अधिक महिनाही पाळतात, तिथे १५ जूनपर्यंतचे दिवस गळून उलट साठा कमी लागतो. दिवस कॅलेंडरने दिले, आता प्रमाण वही देते. गेल्या वर्षी जवळा ३ किलो आणला आणि तो कोणत्या तारखेला संपला, एवढी एक ओळ असली की पुरे. तो १० जुलैला संपला असेल तर कमी पडला. श्रावणातही उरून त्याला कुबट वास आला असेल तर जास्त झाला. अंदाज दरवर्षी नव्याने बांधायचा नसतो, गेल्या वर्षीच्या चुकीवर दुरुस्ती करायची असते.

भिंतीवर काय लिहायचं नाही, यालाही नियम असतो. भिंत सगळ्यांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही. म्हणून कुणाकडून हातउसने घेतले, कुणाला दिले, कोणत्या नातेवाइकाने लग्नात काय आहेर केला, हे वहीतच असतं. आहेराचं पान हे वहीतलं सगळ्यात लांब आयुष्याचं पान. एका लग्नात आलेला आहेर दहा-पंधरा वर्षांनी त्यांच्या घरच्या लग्नात थोडी भर घालून परत करायचा असतो, आणि तो कमी गेला तर त्याचं दुःख दोन्ही घरं वर्षानुवर्षं बाळगतात. वही बदलली तरी हे पान नव्या वहीत उतरवून घ्यावं लागतं. पेढीवर जशी मागील बाकी पुढे ओढतात, तशीच ही बाकी. सुनांच्या महिन्याच्या तारखा भिंतीवर लिहायच्याच तर एका ठिपक्याने, नाहीतर जिच्या तिच्या मोबाइलमध्ये. चांगली हिशेबनीस कोणती नोंद उघडी आणि कोणती झाकलेली, हे आधी ठरवते.

या सगळ्यावर पहिला आक्षेप सहज येतो. आता मोबाइल आहे, त्यात हिशेबाची अ‍ॅप आहेत, आठवण करून देणारे गजर आहेत, मग हा कागद कशाला? यातला खरा भाग आधी मान्य करू. कॅलेंडर वाजत नाही. आजोबांची रक्तदाबाची गोळी रात्री नऊला द्यायची असेल तर गजरच बरा. बेरजेची चूक मोबाइल करत नाही. आणि महिना संपताना पानाचा फोटो काढून ठेवला तर आग, पाणी, उंदीर यांची भीती जाते. पण कीर्दीचं काम मोबाइलला जमत नाही, कारण मोबाइल एकाचा असतो आणि दूध घेणारं माणूस रोज वेगळं असतं. सकाळी सहाला दार उघडणारी नऊ वर्षांची नात आजीच्या फोनचं कुलूप उघडून अ‍ॅपमध्ये नोंद करणार नाही. दोऱ्याला बांधलेल्या पेनने ‘–२’ मात्र लिहील. दुसरं, भिंतीवरची नोंद कुणी न मागता दिसते. पाणी भरायला आलेल्या सुनेला समोर दिसतं की उद्या संकष्टी आहे आणि फ्रीजमधले बोंबील आजच करायला हवेत. फोनमध्ये हेच असतं, पण ते शोधणाऱ्यालाच सापडतं. चौदा माणसांच्या घरात नोंदीचं मोल तिच्या अचूकतेइतकंच ती किती डोळ्यांसमोर आहे यावर ठरतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो करणाऱ्या बायकांचं म्हणणं मी टाळणार नाही. त्या म्हणतात, आजीच्या वहीचं कौतुक करू नका, कारण घराचा सगळा भार एका बाईवर टाकल्याचाच तो पुरावा आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत हे आकड्यांनी दिसलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. मला तर वाटतं की आजीचं काम या आकड्यातही पूर्ण आलेलं नाही. त्या पाहणीत दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडून कोणत्या तुकड्यात काय केलं ते विचारलं होतं. कॅलेंडरवर ‘गॅ’ लिहायला पाच सेकंद लागतात. भाजी चिरताना सिलिंडर कधी संपेल याचा हिशेब करायला वेगळा वेळ लागतच नाही, हिशेब चिरण्याच्या वेळातच होतो. म्हणजे घर पुढे पाहून चालवण्याचं हे काम मोजणाऱ्याच्या जाळीतून गळून जातं. आक्षेप असा खरा असला तरी त्याचं उत्तर वही बंद करणं हे नाही. न लिहिलेलं काम वाटून देता येत नाही. डोक्यात असलेल्या कामातलं निम्मं उचल असं मुलाला सांगायचं तर त्याला त्यातलं काय उचलायचं हेच कळत नाही. वहीत गॅसचं पान असलं की ते पान त्याच्याकडे देता येतं. नोंद, तपासणी, वजन करून घेणं, सगळं. लिहिल्यामुळेच भार दिसतो, आणि जो दिसतो त्याचीच वाटणी मागता येते.

तिसरा आक्षेप सुनांचा असतो आणि तो दबक्या आवाजात केला जातो. वही म्हणजे सासूच्या हातातला चाबूक. कोणी किती साखर काढली, कोणाच्या माहेरचे किती दिवस राहिले, हे सगळं त्यात. अशा वह्या असतात हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हिशेबाच्या नजरेने पाहिलं तर ती वही बिघडलेली असते, आणि बिघाड ओळखायची खूण सोपी आहे. खतावणीत पानाच्या माथ्यावर काय लिहिलंय ते पाहावं. ‘दूध’, ‘गॅस’, ‘किराणा’, ‘आगोट’, ‘आहेर’ अशी बाबींची नावं असली तर ती घराची वही. माणसांची नावं माथ्यावर आली, म्हणजे ‘मोठी’, ‘मधली’, ‘धाकटी’ अशी पानं पडली, की ती पाळतीची वही झाली. साखर पाच दिवस आधी संपली हा साखरेच्या पानाचा प्रश्न आहे. तो कुणा सुनेच्या पानावर नेला की नोंदी खोट्या व्हायला लागतात, कारण ज्या नोंदीने बोलणी खावी लागतात ती नोंद माणूस करत नाही. पुढच्या महिन्यापासून खाडे लागत नाहीत, चौकटी कोऱ्या राहतात आणि कीर्दच मरते. धाकाने ठेवलेली वही अन्यायाची तर असतेच, ती चुकीचीही असते.

चौथा मुद्दा मात्र मी आक्षेप म्हणून दुसऱ्यांच्या तोंडी घालणार नाही, कारण तो या पद्धतीचा खरा आणि मोठा दोष आहे. कीर्द सगळ्यांची असते, पण खतावणी बहुतेक घरांत एकट्या आजीची राहते. तिची अक्षरं तिलाच कळतात. ‘शा’ म्हणजे शांताबाईची भिशी की शाळेची फी, हे तिच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. आजी पंधरा दिवस दवाखान्यात राहिली की घराला ते कळतं. भिंतीवर नोंदी होत राहतात, कारण ती सवय सगळ्यांना आहे, पण कुणी त्या वहीत उतरवत नाही. दूधवाल्याला त्याच्या आकड्याप्रमाणे पैसे दिले जातात, भिशीचा हप्ता चुकतो, सिलिंडर एका सकाळी चहाच्या वेळी संपतो. आजीची आठवण येते असं सगळे म्हणतात. खरं तर त्या दिवशी घराला उणीव भासते ती खतावणाऱ्याची. पेढीवर मुनीम रजेवर गेला तर पेढी बंद पडत नाही, कारण दुसऱ्या कुणालाही त्याची वही वाचता येते. आजीची पद्धत इथे कमी पडते, आणि तिला कमी पाडलं आहे ते आपण, कारण ती वही शिकण्यासारखी गोष्ट आहे असं घरातल्या कुणाला वाटलंच नाही.

म्हणून माझं सांगणं नेमकं आणि छोटं आहे. आजीला नवं अ‍ॅप शिकवायला बसू नका, तिची वही शिकायला बसा. या महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी, कॅलेंडरचं पान उलटण्याआधी, भिंतीवरच्या चौकटी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी वाचाव्यात, आणि तो मुलगा किंवा नातू असेल तर जास्त बरं. त्याने बेरीज करावी, वहीत ओळ लिहावी आणि आजीने फक्त तपासावी. वहीच्या पहिल्या पानावर अक्षरांचा अर्थ लिहून घ्यावा. असे तीन महिने झाले की घराला दुसरा हिशेबनीस मिळतो. आणि एक जानेवारीला नवं कॅलेंडर लावताना जुनं रद्दीत देऊ नका. आगोट भरून होईपर्यंत ते नव्याच्या मागे, त्याच खिळ्याला राहू द्या.